पाळीच्या आधीचा आठवडा आणि संध्याकाळची ती भूक

*ताई, वय 31, उंची 160 सेंमी, पुण्यात आयटीत आहे. चार दिवस संध्याकाळी 7 ला जिम (वेट्स) आणि 1300 कॅलरीचं डाएट. सकाळी पोहे-चहा, 1 वाजता एक पोळी-भाजी-काकडी, परत चहा, मग थेट रात्री 9 ला मुगाची धिरडी. तीन आठवडे सगळं नीट चालतं आणि पाळीच्या आधी सगळं सुटतं, ऑफिसात बिस्किटांचा अख्खा पुडा, घरी फरसाण, वर चॉकलेट. जिममध्ये नेहमीचं वजन जड लागतं. 8 व्या दिवशी वजन 63.4 होतं, 26 व्या दिवशी 65.1, रडूच आलं. पुढच्या पाळीच्या 8 व्या दिवशी 62.9. पाळी 30-32 दिवसांनी येते, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, जिने चढताना धाप लागते. गोळ्या कुठल्याच चालू नाहीत. इन्स्टावर म्हणतात त्या आठवड्यात वेट्स करू नका, आई म्हणते पाळीत जिमच नको. मी नक्की काय खाऊ आणि काय करू?*

अगं, सगळ्यात आधी त्या 1300 बद्दल बोलूया, कारण शेवटच्या आठवड्यात जे होतंय त्याचं मूळ आधीच्या तीन आठवड्यांत आहे.

तुझं वय, उंची आणि वजन घेऊन साधा हिशोब केला तर तू दिवसभर नुसती पलंगावर पडून राहिलीस तरी शरीराला साधारण 1300 कॅलरी लागतात. हृदय, फुप्फुसं, मेंदू, लिव्हर चालू ठेवायचाच तो खर्च. त्यावर तुझं ऑफिसला जाणं-येणं, घरातली कामं आणि चार दिवसांचं जिम धरलं की दिवसाचा खर्च 1900 ते 2000 च्या घरात जातो. म्हणजे रोज सहा-सातशे कॅलरी कमी पडतायत, आणि त्यात दुपारी एक ते रात्री नऊ असे आठ तास पोटात चहाशिवाय काही नाही, मधे एक तास वेट्स. तीन आठवडे तू हे निभावतेस कारण त्या दिवसांत हॉर्मोन्स तुला थोडी मदत करत असतात, चौथ्या आठवड्यात ती मदत थांबते, एवढीच खरी गोष्ट आहे.

ते कसं होतं ते सांगते. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस 1. पहिले तीन-चार दिवस दोन्ही मुख्य हॉर्मोन्स खाली असतात. मग इस्ट्रोजेन चढायला लागतं, आणि इस्ट्रोजेन भूक थोडी दाबतं, म्हणून पाळी संपल्यावरच्या आठवड्या-दीड आठवड्यात बऱ्याच जणींना कमी खाऊन भागतं, हलकं वाटतं, डाएट सोपं वाटतं. अंडं बाहेर पडतं त्याच्या आसपास भूक सगळ्यात कमी असते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वर येतं, शरीराचं तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढतं, आराम करतानाचा खर्चही किंचित वाढतो आणि भूक वाढते. शेवटच्या तीन-चार दिवसांत दोन्ही हॉर्मोन्स एकदम उतरतात, तेव्हा चिडचिड, झोप नीट न लागणं, गोड खावंसं वाटणं हे सगळं एकत्र येतं.

आता ही भूक वाढते म्हणजे किती? अभ्यासांमध्ये सरासरी निघते ती दिवसाला शंभर ते तीनशे कॅलरी, काहीजणींमध्ये काहीच फरक पडत नाही. शंभर ते तीनशे म्हणजे एखादी भाकरी, किंवा मूठभर शेंगदाणे आणि एक केळं. बिस्किटांचा शंभर ग्रॅमचा पुडा साडेचारशेच्या आसपास असतो, त्यावर फरसाण, त्यावर चॉकलेट, म्हणजे तुझ्या त्या संध्याकाळी हजार-बाराशे सहज होतात. यातला फक्त छोटा भाग पाळीचा, बाकीची आधीच्या वीस दिवसांची थकबाकी. हे मी इतकं खात्रीने बोलते कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या वह्यांत हेच दिसतं, ज्या महिनाभर पोटभर खातात त्यांना पण पाळीच्या आधी भूक लागते, पण त्यांची भूक एका वाटीने भागते आणि त्या पुड्यापर्यंत जात नाहीत.

अजून एक, दिवस मोजायचे ते मागून मोज. ओव्ह्युलेशन 14 व्या दिवशी असं सगळीकडे सांगतात, ते 28 दिवसांच्या पाळीला ठीक. अंडं बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण 12 ते 14 दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही, पाळी लांबते ती आधीचा भाग लांबल्यामुळे. तुझी 31 दिवसांची पाळी धरली तर ओव्ह्युलेशन 17-18 व्या दिवसाच्या आसपास, आणि भुकेचा खरा आठवडा 24-25 व्या दिवसापासून. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा स्राव दिसला की ते दिवस ओळखता येतात, तो दिसला की साधारण दोन आठवड्यांनी पाळी, असं कॅलेंडरवर टाकून ठेव.

आता खाणं. पहिले तीन आठवडे 1600 च्या आसपास ठेव आणि शेवटच्या आठवड्यात 1800. सरासरी 1650 पडते, म्हणजे रोज तीनशेची तूट, आणि कागदावर महिन्याला किलोभर वजन कमी व्हायला तेवढी पुरते. तुझे दोन्ही 8 व्या दिवसांचे आकडे धरले तर सध्या एवढे हाल करून महिन्याला अर्धा किलो उतरतंय.

1600 कसे होतात ते तुझ्याच जेवणातून सांगते, नवीन काही आणायचं नाही. सकाळचे पोहे राहू देत, सोबत दोन उकडलेली अंडी (चालत नसतील तर मोठी वाटी दही). डब्यात एकाऐवजी दोन पोळ्या, भाजी, आणि मटकी किंवा मुगाची एक वाटी उसळ, दाट, पाण्यासारखी नको. साडेचारला एक केळं. रात्री दोन धिरडी आणि वाटीभर दही. जिमच्या दिवशी धिरड्यात 50 ग्रॅम पनीर किसून घाल. तू लिहिलेल्या जेवणात प्रोटीन चाळीस ग्रॅमपण जेमतेम भरत असणार आणि वेट्स उचलणाऱ्या, त्यात वजन कमी करणाऱ्या बाईला तुझ्या वजनाला 75-80 ग्रॅम तरी हवं, नाहीतर वजन उतरताना स्नायू पण उतरतात आणि भूक पण टिकून राहते. वरच्या बदलांनी तू सत्तरच्या आसपास जातेस. उरलेलं दुपारी ताक किंवा थोडे फुटाणे यातून भरून निघेल.

शेवटच्या आठवड्यातले जास्तीचे दोनशे कुठे टाकायचे हे मात्र नेमकं ठरव, कारण ते रात्री नऊला टाकून उपयोग नाही. तुझा घसरण्याचा क्षण बघ कुठे आहे. साडेचार-पाच वाजलेत, एकची पोळी कधीच जिरली, मीटिंग संपली, चहाच्या मशीनपाशी उभी आहेस आणि शेजारी कुणीतरी पुडा फोडून पुढे करतंय. पहिलं बिस्किट तू भुकेपोटी घेतेस, पुढची आठ-दहा "आता मोडलंच आहे तर" म्हणून. म्हणून 24 व्या दिवसापासून साडेचारच्या केळ्याबरोबर मूठभर (20 ग्रॅम) भाजलेले शेंगदाणे खायचे, भूक लागायची वाट न बघता, घड्याळ बघून. आणि रात्री जेवण झाल्यावर चॉकलेटचे दोन-तीन तुकडे, बशीत काढून, बसून. झाले दोनशे-सव्वादोनशे. गोड बंद करायच्या भानगडीत पडू नकोस. तेच चॉकलेट भरल्या पोटी तीन तुकड्यांवर थांबतं आणि रिकाम्या पोटी संपेपर्यंत थांबत नाही, हे तू एका महिन्यात स्वतः बघशील.

चॉकलेट हवंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे असं जे सांगतात त्यात मला काही तथ्य वाटत नाही. तसं असतं तर बदाम आणि शेंगदाण्यांसाठी पण जीव तळमळला असता, त्यांच्यातही भरपूर मॅग्नेशियम असतं. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात जवस, दुसऱ्यात तीळ असं बिया खायचं वेळापत्रक इन्स्टावर फिरतं, त्यालाही भक्कम पुरावा नाही. जवसाची चटणी चांगली आहे, महिनाभर खा, हॉर्मोन्स दुरुस्त करायला म्हणून नको. उलट ज्यावर थोडा पुरावा आहे ते कॅल्शियम, 1998 च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज 1200 मिलीग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा पाळीआधीचा त्रास, त्यात खाण्याच्या ओढीसकट, कमी झाला होता. तू लगेच गोळ्या घेऊ नकोस, तुझ्या जेवणात चहातलं सोडून दूध-दही शून्य आहे, आधी ते रोजचं दही आणि आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी एवढं तरी येऊ दे.

आता ते 65.1. किलोभर चरबी वाढायला खर्चापेक्षा साधारण 7700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. 1.7 किलोसाठी तेरा हजार, म्हणजे रोजचं पुरेसं जेवण जेवून त्यावर चाळीस-पंचेचाळीस वडापाव. तू तेवढं खाल्लेलं नाहीस. शेवटच्या आठवड्यात शरीर पाणी धरून ठेवतं, फरसाणाच्या मिठाने ते अजून वाढतं आणि भाकरी-बिस्किटांतलं कार्ब स्नायूंत साठताना सोबत पाणी ओढतं. त्या दिवसांत ऑफिसातून आल्यावर मोजे काढ आणि घोट्यावर बघ, इलॅस्टिकचा खोल वळ उठलेला असेल, अंगठी पण घट्ट होते काहींची. पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत ते पाणी उतरतं. म्हणून 26 व्या दिवसाची तुलना आधीच्या 8 व्या दिवसाशी करायचीच नाही. 8 ची 8 शी, 26 ची 26 शी. तुझेच आकडे घे, 63.4 वरून 62.9, त्या महिन्यात तू अर्धा किलो कमी झालीस आणि रडलीस मात्र वाढलं म्हणून, याचं मला खरंच वाईट वाटलं. शेवटच्या आठवड्यात वजनकाटा कपाटात ठेवलास तरी काही बिघडत नाही.

जिमचं बघू. पाळीच्या टप्प्यांनुसार ताकद किती बदलते यावर बरेच अभ्यास झालेत, 2020 मध्ये त्यातले बरेच एकत्र करून तपासले गेले, निष्कर्ष असा की पाळीच्या पहिल्या काही दिवसांत सरासरी कामगिरी किंचित, अगदी नगण्य म्हणावी इतकी कमी होऊ शकते, आणि बाईबाईत फरक इतका की सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. म्हणजे "त्या आठवड्यात वेट्स नको" असा सरसकट नियम कुणी सांगत असेल तर तो नियम संशोधनातून आलेला नाही. तुला जड लागतं ते खोटं नाही, पण त्यात झोप, उकाडा आणि सहा तास उपाशी पोट यांचा वाटा किती ते आधी वेगळं काढू. साडेचारचं खाणं सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत तुला याचं निम्मं उत्तर मिळेल असं मला वाटतं.

जिमला गेलीस की निर्णय वॉर्म-अपवर सोडायचा. समज स्क्वॉटला तू 40 किलोचे पाच-पाचचे तीन सेट मारतेस. आधी 30 किलोचा एक सेट कर. नेहमीसारखा वाटला तर ठरलेलं सगळं कर, भले 27 वा दिवस असो. 30 च जर 40 सारखं लागलं तर 40 चे दोनच सेट, नाहीतर 35 चे तीन, आणि घरी जा. त्या दिवशी नवीन रेकॉर्ड करायला जाऊ नकोस, पण जिम बुडवू पण नकोस, एक बुडलं की तू आठवडा बुडवतेस हे तुझ्या पत्रातून जाणवतंय. उचलायचं वजन वाढवायचा प्रयत्न पाळीनंतरच्या आठवड्यात ठेव, तेव्हा बहुतेकींना बरं वाटतं, पण तुला नसेल वाटत तर तेही सोड. शेवटच्या दोन आठवड्यांत तापमान वर असतं म्हणून पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये धावणं किंवा सायकल जास्त जीव खाते, तेव्हा पंख्याखाली, पाणी जवळ ठेवून आणि वेग थोडा उतरवून कर.

आईंना सांग की पाळीत व्यायाम करायला वैद्यकीय मनाई नाही, हलक्या व्यायामाने बऱ्याच जणींचं पोटात दुखणं कमीच होतं. पण त्यांच्या बोलण्यामागे जी काळजी आहे ती तुझ्या बाबतीत एका ठिकाणी बरोबर आहे, आणि ती म्हणजे तुझं ब्लीडिंग.

दर दोन तासांनी पॅड बदलावं लागणं आणि जिने चढताना धाप, या दोन ओळी तू जाता जाता लिहिल्यास पण मला पूर्ण पत्रात त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. साधारण पाळीत 30-40 मिली रक्त जातं, त्यासोबत 15-20 मिलीग्रॅम लोह. 80 मिलीच्या वर गेलं की ते जास्त ब्लीडिंग धरतात, म्हणजे लोहाचा तोटा दुपटीपेक्षा जास्त, आणि शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं, त्यामुळे हा खड्डा महिन्यामागून महिना खोल होत जातो. लोह कमी असलेल्या बाईला वेट्स जड लागतात, धाप लागते, गोड खाऊन तरतरी आणावीशी वाटते, आणि ती हे सगळं हॉर्मोन्सच्या नावावर टाकते. मी स्वतः दोन वर्षं असंच टाकलं होतं. एका लॅबच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन 12.1 होतं, "नॉर्मल" छापलेलं, मी गप्प बसले, आणि पुढे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघितलं तर 9. हिमोग्लोबिन शेवटी पडतं, साठा त्याच्या आधी संपतो.

म्हणून सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही करून घे, पाळीनंतरच्या आठवड्यात, आणि सर्दी-ताप असताना नको कारण तेव्हा फेरिटिन खोटं वर दिसतं. बायकांसाठी हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे अॅनिमिया, फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे साठा संपलेला, आणि व्यायाम करणाऱ्या बाईचं 30 च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर लक्ष घालतात. रिपोर्ट हातात आला की गोळ्यांचं डॉक्टरांनी ठरवू दे, आणि ब्लीडिंग जास्त का होतंय हे पण गायनॅककडे दाखव, फायब्रॉइड किंवा थायरॉइडमुळे होत असेल तर खाण्याने थांबणार नाही. एक इंचापेक्षा मोठ्या गाठी जात असतील किंवा पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल तर ते आवर्जून सांग.

तोवर घरात एक बदल आजपासून कर, डब्यानंतरचा तो चहा तासभर पुढे ढकल. चहा जेवणातलं लोह अडवतो, आणि तू जेमतेम मिळणारं लोह रोज दुपारी त्या कपाने घालवतेस. त्याऐवजी उसळीवर लिंबू पीळ, त्याने शोषण वाढतं. गूळ आणि बीट खाऊन हिमोग्लोबिन वाढतं असं आपल्याकडे ठाम मानतात, पण चमचाभर गुळात लोह नगण्य असतं, बीटमध्ये 100 ग्रॅमला एक मिलीग्रॅम पण नाही, रंग लाल आहे एवढंच. मटकी, मसूर, राजगिरा, हळिवाचे लाडू, आणि अंडी-मटण चालत असेल तर ते, यांचा उपयोग जास्त.

तीन पाळ्या वहीत चार गोष्टी लिही, पाळीचा दिवस, भूक 1 ते 5, झोपेचे तास आणि वॉर्म-अप हलका की जड. 8 व्या आणि 26 व्या दिवशी वजन. कॅलरी लिहू नकोस. मधे कधी पाळी 35 दिवसांच्या पुढे जायला लागली किंवा गायब झाली तर खाणं अजून कमी पडतंय किंवा काही वेगळं आहे असं समजून, तीन महिने न थांबता डॉक्टरांकडे जा. आणि शेवटच्या आठवड्यात मन इतकं खाली जात असेल की काम होत नाही, रोज रडू येतं, तर ते पण त्यांना सांग, त्यावर उपचार आहेत.

फेरिटिनचा आकडा आला की मला कळव, 30 च्या खाली निघाला तर जिमचं पुढचं वेळापत्रक आपण परत बसवू.